खोलीतली घाण फोटोत दिसली, पण ती कुणाची?

आमच्या साडूभाऊंनी सोलापुरातल्या एका हॉटेलला पाठवलेलं पहिलं तक्रारपत्र तीन पानांचं होतं, सोबत सत्तावीस फोटो. हॉटेलचं उत्तर दोन ओळींचं आलं. आपण पाठवलेले फोटो खोली वापरून झाल्यानंतरचे दिसतात, आणि कचऱ्याच्या डब्याच्या फोटोत आपल्याच खाण्याच्या पिशव्या आहेत, याची नोंद घ्यावी. साडूभाऊंचा पारा चढला. मी तो डब्याचा फोटो मोठा करून पाहिला. वर भाकरवडीचं रिकामं पाकीट, त्याखाली नाशिकच्या दुकानाची पिशवी. त्या एका फोटोपुरतं हॉटेलचं म्हणणं खरं होतं, आणि त्या एकाच्या जोरावर त्यांनी उरलेले सव्वीस उडवून लावले होते.

मी सोलापुरातल्या हॉटेलांमध्ये हाउसकीपिंगचा सुपरवायझर म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. पाहुण्यांच्या तक्रारी समोरच्या बाजूने वाचायची सवय आहे, त्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे आलं. हॉटेलचं नाव इथे घेत नाही, त्याने मुद्द्यात काही फरक पडत नाही.

घडलं ते असं. डिसेंबरातली लग्नतिथ, शनिवारची रात्र. साडूभाऊ, त्यांची बायको आणि सत्तरी ओलांडलेल्या आई नाशिकहून गाडीने आले. खोली फोनवरून सांगून ठेवलेली, भाडं २,२०० रुपये, कर धरून २,३१०. रिसेप्शनवर यूपीआयने पैसे भरले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या २०४ नंबरच्या खोलीत गेले. चादर चुरगळलेली, उशीच्या अभ्र्यावर तेलाचं पिवळं कडं, टॉवेल ओलसर, बाथरूमच्या जाळीत केसांचा गुंता. खाली फोन केला, तर दुसरी खोली शिल्लक नाही. पाऊण तासाने एक मुलगा आला, चादर आणि अभ्रे बदलून गेला. टॉवेल आणलेच नाहीत. आईंना घेऊन मध्यरात्री लग्नसराईच्या गावात खोली कुठे शोधणार? तिघं तिथेच झोपले आणि सकाळी कार्यालयात गेले.

अशा पत्राची अडचण एकच असते. फोटो घाण दाखवतो, पण ती कुणाची हे दाखवत नाही. वापरलेली चादर सकाळी साडेनऊलाही तशीच दिसते आणि रात्री पावणेअकरालाही. हॉटेलवाला पहिला बचाव हाच करणार की घाण तुमचीच. त्यामुळे पत्रात प्रत्येक फोटोमागे दोन गोष्टी लागतात. फोटो कधी काढला, आणि त्यात असं काय आहे जे तिघा माणसांकडून त्या वेळेपर्यंत होऊच शकत नव्हतं. पहिल्या पत्रात या दोन्हींतलं काहीच नव्हतं. त्यात सोलापूरकरांच्या आदरातिथ्यावर एक परिच्छेद होता, बदनामी करण्याची धमकी होती आणि पन्नास हजारांची मागणी होती.

सत्तावीस फोटो मी साडूभाऊंच्याच फोनवर, गॅलरीत पाहिले. मला पाठवलेले व्हॉट्सअॅपवरचे फोटो या कामाला उपयोगाचे नव्हते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि फोटो कधी काढला ही फाइलमधली नोंद गळून जाते. मूळ फाइल मात्र फोनमध्ये होती. तपशील उघडला की तारीख आणि वेळ दिसते. पाच फोटो रात्री दहा वाजून चव्वेचाळीस ते एकोणपन्नास मिनिटांच्या दरम्यानचे निघाले, बाकीचे सगळे दुसऱ्या दिवशी सकाळचे. यूपीआयच्या पावतीवर दहा एकतीस. रिसेप्शनला केलेला फोन मोबाइलवरूनच केला होता, खोलीतल्या इंटरकॉमवरून नाही, हे नशीब. त्याची नोंद दहा बावन्न. आणि दहा पंचावन्नला वहिनींनी माझ्या बायकोला चादरीचा फोटो पाठवून लिहिलं होतं, "ताई, बघ काय खोली दिली आहे."

फोनमधली वेळ बदलता येते, असं कुणीही म्हणू शकतं. पण पैसे भरल्याची वेळ बँकेकडे असते, फोन केल्याची वेळ हॉटेलच्या फोनवरही असते आणि बायकोला आलेला निरोप तिच्या फोनवर आहे. चार वेगवेगळ्या जागच्या वेळा एका ओळीत बसल्या की एकट्या फोटोवर भार येत नाही.

त्या पाचांतला सगळ्यात कामाचा फोटो साडूभाऊंनी पहिल्या पत्रात एकोणिसावा लावला होता, कारण त्यात घाण फारशी दिसत नाही. दारातून काढलेला फोटो. समोर पलंग, चादरीची मधली बाजू दबलेली, आणि पलंगाच्या पायथ्याशी दोन बॅगा. एका बॅगेच्या चेनला छोटं कुलूप, बंद. आईंची कापडी पिशवी तिच्यावर, तिची गाठही सुटलेली नाही. माणसं अजून खोलीत टेकलीही नव्हती, हे त्या फोटोइतकं स्पष्ट दुसऱ्या कशानेच सांगितलं नसतं. नव्या पत्रात तो पहिला.

चादरीचं म्हणाल तर तिच्यावर डाग असणं हा मोठा पुरावा नव्हे. लाँड्रीतून धुऊन आलेल्या चादरीवरही जुना चहाचा नाहीतर गंजाचा डाग राहतो. तो दिसायला वाईट, पण चादर धुतलेली असते. बघायच्या त्या घड्या. इस्त्री होऊन आलेली चादर पसरली की तिच्यावर आडव्या-उभ्या घड्यांच्या रेषा उठून दिसतात, आणि माणूस झोपून उठला की मधल्या भागातल्या त्या रेषा मोडतात, कडेच्या तशाच राहतात. २०४ मधल्या चादरीच्या कडेला घड्या होत्या, मध्ये चुरगळ. म्हणजे चादर धुऊन आली होती, टाकली होती, त्यावर कुणीतरी झोपून गेलं होतं आणि मग नुसती ताणून नीट केली होती. आमच्या धंद्यात ही चलाखी सगळ्यांना माहीत आहे. खोली संध्याकाळी उशिरा सुटली, मजल्यावर एकच रूम बॉय आणि खाली पाहुणे किल्लीसाठी उभे असले की हे होतं. एरवी सुटलेली खोली आधी साफ होते, मग सुपरवायझर डोळ्यांखालून घालतो आणि तो "ओके" म्हणाला की मगच रिसेप्शन ती विकते. घाईत मधली पायरी गळते.

टॉवेलचा प्रश्न वेगळा. ज्या गावचे टॉवेल देशभर जातात, त्या गावात पाहुण्याला ओला टॉवेल मिळावा, याचं मला जास्त वाईट वाटलं. पण ओल फोटोत दिसत नाही. दिसतात ते चपटे बसलेले धागे, आणि तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. असंच वासाचं. अशा गोष्टी फोटोच्या नावावर खपवायच्या नाहीत. कुणी हात लावला, केव्हा लावला आणि त्याच वेळी हॉटेलच्या कुणाला सांगितलं, एवढं साध्या वाक्यात लिहायचं.

मग मी फोटो गाळायला घेतले आणि साडूभाऊंशी माझी खरी बाचाबाची इथे झाली. नळाच्या तोटीवरचा पांढरा थर त्यांना भयंकर वाटत होता. म्हटलं, अहो, हे क्षार आहेत. जड पाणी वापरणाऱ्या कुठल्याही बाथरूममध्ये ते साचतात, तुम्ही सोलापुरातल्या माणसाच्या घरी जाऊन बघा. लिंबाने किंवा व्हिनेगरने सुटतात, रोज पुसलं तर दिसत नाहीत, म्हणजे हा आळस आहेच. पण गलिच्छपणा म्हणून हा फोटो लावला की मॅनेजर पहिलं बोट त्यावर ठेवणार आणि गावच्या पाण्यावर ढकलून मोकळा होणार. पडद्याचा विटलेला रंग, भिंतीचा पोपडा, खिडकीबाहेरचा उकिरडा, सगळं काढलं. ते हॉटेल जुनं आहे हे सांगतं, खोली झाडली नव्हती हे सांगत नाही. आंघोळीनंतरच्या ओल्या फरशीचा फोटो वगळला, डब्याचा तर वगळलाच. एसीच्या जाळीवरची धूळ एका रात्रीत बसत नाही, म्हणून तो फोटो ठेवावा असं ते म्हणत होते. मुद्दा बरोबर होता. पण ती जाळी मेंटेनन्सच्या माणसाकडे असते, रोजच्या सफाईत येत नाही. तक्रार "खोली न साफ करता दिली" अशी असेल तर या फोटोने ती पातळ होते.

सकाळचा एकच फोटो ठेवला. आईंची चप्पल पलंगाखाली सरकली म्हणून वहिनींनी मोबाइलची बॅटरी लावून वाकून पाहिलं, तर तिथे गोळ्यांची रिकामी पट्टी आणि एसटीचं चुरगळलेलं तिकीट. तिकिटावर तारीख छापलेली, तीन दिवसांपूर्वीची. फोटो सकाळचा असला तरी त्यातली वस्तू आपली तारीख स्वतः सांगते. हेही तुम्हीच आणून टाकलं, असं हॉटेल म्हणू शकतं. पण गाडीने आलेल्या माणसाकडे पंढरपूर-सोलापूर एसटीचं तिकीट कशाला असेल? एकटा हा फोटो असता तर मी त्यावर विसंबलो नसतो, आधीच्या पाच फोटोंच्या पाठीला तो चालतो. तिकीट त्यांनी जपून ठेवायला हवं होतं. ते तिथेच राहिलं, म्हणून पत्रात "फोटोत दिसते" एवढंच लिहिलं.

चादर बदलून दिली ही गोष्ट पहिल्या पत्रात नव्हती. साडूभाऊंचं म्हणणं, आपल्याच विरुद्ध जाणारं आपण का लिहायचं? पण हॉटेलच्या रजिस्टरला ती नोंद असणार, आणि तुम्ही लपवलेली गोष्ट त्यांच्या उत्तरातून पुढे आली की तुमचं बाकीचंही खोटं ठरतं. शिवाय ती विरुद्ध जात नाहीच. तक्रार खोटी असती तर रात्री साडेअकरानंतर चादर बदलायला माणूस आला कशाला? हॉटेलने त्या वेळी तक्रार मान्य केली, याचा याहून चांगला पुरावा नाही.

शेवटी पत्र असं गेलं:

"प्रति,
व्यवस्थापक

विषय: शनिवारी रात्री खोली क्र. २०४ साफ न करता दिल्याबाबत आणि भाडे परत मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही तिघे शनिवारी रात्री आपल्या हॉटेलात उतरलो. १०.३१ वाजता २,३१० रुपये यूपीआयने भरले, पावती सोबत आहे. त्यानंतर आम्हाला खोली क्र. २०४ देण्यात आली.

आत गेल्यावर लगेच, १०.४४ ते १०.४९ या वेळात काढलेले पाच फोटो जोडले आहेत. फोटो १ मध्ये आमच्या बॅगा बंद दिसतात, म्हणजे खोली आम्ही वापरलेली नव्हती. फोटो २ मध्ये चादरीच्या कडेला इस्त्रीच्या घड्या आहेत, मधला भाग चुरगळलेला आहे. फोटो ३ मध्ये उशीच्या अभ्र्यावर तेलाचा डाग आणि लांब केस आहेत. फोटो ४ आणि ५ मध्ये बाथरूमच्या जाळीत अडकलेले केस आहेत. फोटो ६ दुसऱ्या दिवशी सकाळी ७.१० चा असून त्यात पलंगाखाली औषधाची पट्टी व तीन दिवसांपूर्वीच्या तारखेचे एसटीचे तिकीट दिसते. आम्ही स्वतःच्या गाडीने आलो होतो.

टॉवेल ओलसर होते. ते फोटोत दिसत नाही, परंतु १०.५२ वाजता आपल्या रिसेप्शनला केलेल्या फोनवर आम्ही हे सांगितले होते. त्या फोनची नोंद सोबत आहे. दुसरी खोली उपलब्ध नसल्याचे आम्हाला सांगण्यात आले. सुमारे ११.४० वाजता आपल्या कर्मचाऱ्याने चादर व अभ्रे बदलून दिले. टॉवेल बदलून मिळाले नाहीत आणि बाथरूम साफ झाले नाही. सोबत वृद्ध आई असल्याने त्या वेळी दुसरीकडे जाणे शक्य नव्हते.

आपल्या उत्तरात उल्लेख केलेला कचऱ्याच्या डब्याचा फोटो आमच्या कचऱ्याचा आहे. तो व वरील सहा फोटो सोडून आधीच्या पत्रातील इतर फोटो आम्ही मागे घेत आहोत.

आमची विनंती दोन गोष्टींची आहे. एक, भाड्याचे २,३१० रुपये परत करावेत. दोन, खोली क्र. २०४ त्या दिवशी केव्हा सुटली, कोणी साफ केली आणि कोणी तपासली, ही हाउसकीपिंगची नोंद आम्हाला दाखवावी. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर द्यावे. तसे न झाल्यास आम्ही ग्राहक आयोगाकडे तक्रार करू.

आपला,"

यातली दुसरी मागणी माझी. पन्नास हजारांपेक्षा मॅनेजरला ती जास्त टोचते, हे मी खुर्चीच्या त्या बाजूला बसलो असल्याने सांगू शकतो. पैशाच्या मोठ्या आकड्याला तो हसतो आणि वकिलाकडे टाकतो. पण नोंद दाखवा म्हटलं की त्याला आपलंच रजिस्टर उघडावं लागतं. तिथे २०४ समोर सही असेल तर त्या माणसाला बोलवावं लागतं, नसेल तर मग बोलायला काही उरतच नाही.

आकडा कमी का धरला, यावर वहिनींचाही आक्षेप होता. एक रात्रीचं भाडं ही ताबडतोब देता येण्याजोगी रक्कम आहे, मॅनेजर ती स्वतःच्या सहीने देऊ शकतो. त्रासाची भरपाई मागायचीच असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, आणि ती राहत्या जिल्ह्यात म्हणजे नाशिकलाही करता येते, सोलापूरला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मात्र तिथे गेलं तर मोबाइलमधल्या फोटोंसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल, असं धरून चालायचं. म्हणून साडूभाऊंना सांगितलं की तो फोन विकू नका, गॅलरीतल्या मूळ फाइली कापू नका, उजळ करू नका, त्यांच्यावर लाल गोल काढू नका. खूण करायची तर छापलेल्या प्रतीवर पेनाने करा. आयोगाच्या आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायचा मार्गही होता. तो पुढच्या पायरीसाठी राखून ठेवला.

पत्र दोन वाटांनी गेलं. मूळ फोटो ईमेलला जोडून, फाइलच्या नावात फोटोचा क्रमांक घालून. आणि स्पीड पोस्टाने छापील प्रत, एका पानावर दोन फोटो, प्रत्येकाखाली क्रमांक आणि वेळ. पहिल्या पत्राच्या वेळी फोटो व्हॉट्सअॅपवर एकामागून एक टाकले होते, त्यामुळे कुठलं वाक्य कुठल्या फोटोचं हे वाचणाऱ्याने शोधायचं होतं. शोधत कोण बसतो?

चौथ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. पुढच्या वेळी याल तेव्हा एक रात्र फुकट राहा, म्हणाला. साडूभाऊ मवाळ झाले होते, पण वहिनींनी फोन हातात घेतला. "दादा, त्याच खोलीत का?" एवढंच विचारलं. फुकटच्या रात्रीचं कूपन घेऊ नये, असं माझंही मत आहे. ते घेतलं की तक्रार मिटली असं धरलं जातं आणि नाशिकचा माणूस सोलापूरला परत कधी येणार? दोन दिवसांनी २,३१० रुपये ज्या खात्यातून गेले होते त्याच खात्यात आले. सोबत ईमेल होता, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. हाउसकीपिंगच्या नोंदीबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

साडूभाऊंना ते लागून राहिलं. ती नोंद मागणारं आणखी एक पत्र लिहू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. पैसे परत आले आहेत, सहीशिवायच्या खोलीचा कागद कुठलाही मॅनेजर बाहेर देत नाही, आणि तो न देणं हे उत्तर त्यांनी ईमेलमध्ये दिलंच आहे. ईमेल मात्र जपून ठेवायला सांगितला.